बर्डीवरच्या काचेतलं गणित

फोटो काढायला मी तयारच नव्हते. आमच्या शाळेच्या वर्धापनदिनाचा अहवाल छापायचा होता आणि त्यात "मुलींना बीजगणित शिकवताना" असं एक चित्र हवं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. नागपुरात तेव्हा मुलींच्या शाळांतून बहुतेक ठिकाणी घरगुती हिशोब शिकवत आणि शिवण. आमच्या शाळेनं आठवीला खरं बीजगणित सुरू केलं होतं, त्याचा त्यांना फार तोरा होता. शिकवणारी मी. वय तेवीस, नोकरीला एक वर्ष पुरं व्हायला आलेलं, आणि अजून कायम झालेले नव्हते.

हे कायम होणं म्हणजे काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचा माझा जीव का एवढा वरखाली झाला ते कळेल. वडील गेल्यावर आई आणि मी नागपुरातच महाल भागात एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. दादा सावनेरला. त्याचं म्हणणं एकच, "कायम झाली तं राहा नागपुरात. नाही झाली तं सामान बांधा अन् दोघी इकडे या." इकडे म्हणजे वहिनीच्या हाताखाली. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या घरात मला पुस्तक उघडायची सोय नव्हती. मी एकदा महिनाभर राहून आले होते. त्या महिन्यात मी किती पोळ्या लाटल्या तेवढंच मला आठवतं.

तर फोटोवाला आला. बर्डीवर, भर बाजारात, त्याचा स्टुडिओ होता. मोठा लाकडी कॅमेरा, तीन पायांचा, वर काळं फडकं. त्यानं मुलींना पाठमोरं बसवलं, कारण मुलींचे चेहरे छापायचे नाहीत अशी शाळा चालवणाऱ्या समितीची ताकीद होती. नुसत्या वेण्या आणि रिबिनी दिसत होत्या. मी फळ्याजवळ, एका बाजूनं. मी फळ्यावर सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, सहा ओळी, बारीक अक्षरात. तो फडक्यातून डोकं काढून म्हणाला, "बाई, एवढं नाही येणार. एकच ओळ लिहा, मोठ्या अक्षरात. अन् उत्तर."

मी पायऱ्या पुसल्या. पुसल्या, हेच चुकलं. फळ्यावर उरलं ते एवढंच:

१२ − २(३ − ७) = २०

"हलू नका," तो म्हणाला आणि आम्ही सगळ्या पुतळ्यासारख्या बसलो. एका मुलीला मध्येच शिंक आली म्हणून कॅमेऱ्यात दुसरी काच घालावी लागली, तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचे. तीच चांगली आली.

अहवालात ते चित्र टिचभर छापलं गेलं, कुणाला काही दिसलं नाही. पण फोटोवाल्याला ते स्वतःचं काम इतकं आवडलं की त्यानं त्याची भली मोठी प्रत काढली आणि समितीच्या अध्यक्षांना विचारून आपल्या दुकानाच्या काचेत लावली. रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला वेण्या दिसायच्या, मी दिसायची, आणि सगळ्यांत ठळक दिसायची ती फळ्यावरची ओळ. खडूची रेघन् रेघ वाचता येत होती.

पहिल्यांदा आईच बातमी घेऊन आली. बुधवारी बाजाराला गेली होती. भाजीची पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "काय वं, तुले गणित येत नाही म्हणतात सारे?"

"कोण म्हणतं?"

"बर्डीवर पोरं उभी हायेत न त्या काचेसमोर. कॉलेजातली. म्हणून राहिलीत, मास्तरीणबाईनं उत्तर चुकवलं म्हणून. मले तं लाज वाटली बाप्पा, मी तुझी माय आहो हे सांगितलंच नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चपला घालून निघाले. खरंच पाचसहा पोरं उभी होती. मी पदर पुढे ओढून घेतला आणि बाजूच्या दुकानापाशी काही घेत असल्याचं सोंग केलं. एक उंच पोरगा बोट लावून समजावत होता, "पाहा. आधी कंस. तीन वजा सात, उणे चार. बरोबर? मग बारातून दोन गेले, दहा. दहा गुणिले उणे चार, उणे चाळीस. इथं वीस कुठून आले? बाईंनी घरून आणले काय?" आणि सगळे फिदीफिदी हसले.

मला वाटलं, पुढे होऊन त्याचा कान धरावा. कंसाला चिकटलेला दोन हा कंसाचा आहे रे गाढवा, बाराचा नाही! आधी दोन गुणिले उणे चार, उणे आठ. मग बारातून उणे आठ वजा, म्हणजे बारा अधिक आठ, वीस. पण बाईमाणसानं भर रस्त्यात परक्या पोरांशी वाद घालायचा ते दिवस नव्हते. मी अर्धा शेर फुटाणे विकत घेतले आणि परत आले. ते फुटाणे आम्ही आठवडाभर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. समितीची बैठक सोमवारी होती आणि त्याच बैठकीत मला कायम करायचा ठराव येणार होता. त्यांनी दार लावून घेतलं. "लोक अध्यक्षांच्या घरापर्यंत गेले," त्या म्हणाल्या. "एकजण म्हणाला, ज्या शाळेतल्या बाईला वजाबाकी येत नाही तिथे मुली पाठवायच्या कशाला? अध्यक्षांनी स्वतः गणित करून पाहिलं."

"मग? वीसच आलं असेल."

"चार आलं."

"चार?" मी ओरडलेच. उणे चाळीस मला समजत होतं. हे चार कुठून निघालं?

"आणि चिटणिसांना उणे चाळीस," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या स्वतः संस्कृत शिकवत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे ना गं?" त्यांनी असं विचारलं तेव्हा मला रडूच आलं. रागानं आलं की भीतीनं, ते आजही सांगता येणार नाही.

त्यापुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तांदूळ निवडता निवडता मी सुपातच खडे मांडून हिशोब करायची. दरवेळी वीस येत होते. आणि दरवेळी वाटायचं, आपणच पहिल्यापासून चुकीचं शिकलो असलो तर? शहरातली सगळी माणसं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला. त्यांची आपापसात उत्तरं जुळत नव्हती ही गोष्ट वेगळी, पण मी चुकले यावर सगळ्यांचं एकमत होतं.

शुक्रवारी शाळेतून येताना बर्डीवर गेलेच. काचेवर कुणीतरी चिठ्ठी डकवली होती, "बाई, पुन्हा पहिलीत बसा." मी ती ओरबाडून काढली आणि सरळ दुकानात शिरले.

फोटोवाला बिचारा हात जोडून उभा राहिला. "बाई, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. गर्दी होऊन राहिली, पण गिऱ्हाईक आत येत नाही. एक करू? फोटोची मूळ काच माझ्याजवळ आहे. रिटच करून देतो. दोनाचा चार करायला काय लागते? थोडं खरवडायचं, थोडी पेन्सिल मारायची, अन् समोर एक रेघ. उणे चाळीस. कोणाले पत्ता नाही लागणार. नवरीच्या गालावरचे देवीचे वण मी असेच मिटवतो."

खरं सांगू? एक क्षण माझ्या मनात आलं. सोमवारी समितीपुढे उणे चाळीस गेलं की चिटणीस खूष, पोरं गप्प, मी कायम. अध्यक्षांच्या चाराचं काय करायचं ते नंतर बघता येईल. एका रेघेचा प्रश्न. आणि लगेच मला स्वतःचाच इतका संताप आला की मी त्याच्यावरच खेकसले, "गणित म्हणजे काय देवीचे वण आहेत? खबरदार हात लावाल तर! फोटो उतरवू पण नका. राहू द्या तसाच."

"रागावता काहून, बाई? मी भल्यासाठी म्हटलं," तो म्हणाला. चुकीचं तो काहीच बोलला नव्हता. त्याला त्याच्या दुकानाची काळजी.

शनिवारी वर्गात गेले तर सगळ्या मुली पाटीत डोकं घालून बसलेल्या. त्यांना सगळं कळलेलं होतंच. घरोघरी तेच चाललं होतं, कुणाचा भाऊ त्या कॉलेजातला, कुणाचे वडील अध्यक्षांचे स्नेही. मी फळ्यावर ती ओळ लिहिली, उत्तर सोडून. माझा आवाज चढलेला होता, मला कळत होतं.

"किती येतं?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आधी कंस, मग गुणाकार, मग वजाबाकी! किती वेळा सांगितलं? किती येतं उत्तर?"

"वीस," पुढच्या बाकावरची एक म्हणाली.

"सगळ्या सांगा."

"वीस!"

"सोमवारी साहेब आले आणि कुणी दुसरं काही बोललं तर बघा." एवढं म्हणून मी पुढचा धडा काढला. मला तेव्हा बरं वाटलं, निदान माझ्या मुली तरी माझ्या बाजूला आहेत म्हणून.

सोमवार उजाडला. अध्यक्ष आले, मागे चिटणीस. अध्यक्ष निवृत्त सबजज, काळा कोट, पांढरा फेटा, माणूस सरळ पण हट्टी. मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर त्या फोटोची एक प्रत आणि त्याच्याजवळ त्यांनी स्वतः केलेलं गणित, शाईनं, सुवाच्य अक्षरात.

"बाई, तीनातून सात जात नाहीत," ते म्हणाले. "म्हणून मी सातातून तीन वजा केले. चार. दुप्पट आठ. बारातून आठ गेले, चार. यात तुम्हाला काय चूक दिसते?"

चार कुठून आलं ते तेव्हा मला कळलं. त्यांच्या लहानपणी मोठ्यातूनच लहान वजा करायचं, उलट करायचं नाही, असं हातावर छड्या खाऊन शिकवलेलं होतं. उणे आकडा त्यांनी लिहिलाच नव्हता. न्यायाधीशाची नजर, पण ते चिन्हच त्यांच्या हिशोबात नव्हतं.

चिटणीस म्हणाले, "उणे चारच बरोबर आहे साहेब, पण बारातून दोन आधी जातात. डावीकडून उजवीकडे." मग ते दोघेच वाद घालायला लागले आणि मी मध्ये उभी. आता हे दोघे आपसात भांडून संपले की माझा निकाल लावणार, हे दिसत होतं.

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब, व्हरांड्यात चलता का? रांजणापाशी."

मुलींना पिण्यासाठी व्हरांड्यात दोन रांजण असत. पाणी भरणारी बाई नुकतीच एक रांजण धुऊन पालथा घालत होती. मी तिच्या हातून तो घेतला, सरळ ठेवला आणि दुसऱ्या रांजणातून मोजून बारा तांबे पाणी त्यात घातलं. अध्यक्षांना मोजायला लावलं. ते मोठ्यानं मोजत होते.

"आता एका खेपेत मी तीन तांबे बाहेर काढते आणि सात आत घालते," मी म्हटलं. "बाहेर गेलेलं पाणी किती? तीन वजा सात. तीनातून सात जातात साहेब, उणे चार उरतात. उणे चार तांबे बाहेर गेले, म्हणजे चार आत आले. हा तुमचा कंस. अशा खेपा किती? दोन. म्हणून दोन कंसाला चिकटलेला आहे. बारातून दोन खेपांत बाहेर गेलेलं पाणी वजा करायचं. एवढंच तिथे लिहिलंय."

पदर खोचला आणि काढलं, घातलं. तीन बाहेर, सात आत. पुन्हा तीन बाहेर, सात आत. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मग रांजणातलं सगळं पाणी तांब्यातांब्यानं उपसून बादल्यांत ओतलं. अध्यक्ष मोजत होते. अठरा. एकोणीस. वीस. रांजण रिकामा.

चिटणीस म्हणाले, "पण बारातून दोन आधी..."

"बारा तांबे आहेत आणि दोन खेपा आहेत," मी म्हटलं. "तांब्यांतून खेपा कशा वजा करायच्या, साहेब?"

अध्यक्ष रांजणात वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि खो खो हसले. "साठ वर्षं झाली," ते म्हणाले, "तीनातून सात जाताना मी आज पाहिले." पाणीवाली बाई मात्र कुरकुरत होती की तिचा धुतलेला रांजण आम्ही खराब केला.

मग त्यांना मुलींची परीक्षा घ्यायची लहर आली. वर्गात गेले, उत्तरावर अंगठा ठेवून फोटो हातात धरला. "मुलींनो, याचं उत्तर?"

"वीस!" इतक्या जोरात की बाजूचा वर्ग दचकला.

"नियम काय?"

पुढच्या बाकावरची उठली, हात मागे बांधले आणि एका दमात म्हणाली, "आधी कंस, मग गुणाकार, मग वजाबाकी."

"शाबास," अध्यक्ष म्हणाले. आणि दारातूनच माझ्याकडे वळून, "बाई, ठराव मंजूर समजा. तुम्ही कायम."

ते गेले आणि मला नाचावंसं वाटलं. सावनेर नाही, पोळ्या नाहीत, आईला आज गोडाचं करायला सांगायचं! दहा मिनिटं तास उरला होता. मी फळा पुसला आणि खुशीतच दुसरी ओळ लिहिली. गंमत म्हणून.

१५ − ३(२ − ६)

"करा गं पाटीवर. बघू कुणाचं आधी होतं."

पाट्यांवर पेन्सिली करकरल्या. एकेकीनं पाटी उलटी करून छातीशी धरली. "दाखवा," मी म्हटलं आणि सगळ्या पाट्या वर झाल्या.

उणे अठ्ठेचाळीस. उणे अठ्ठेचाळीस. उणे अठ्ठेचाळीस. मी रांगेरांगेनं फिरले. दोघींचं तीन आलं होतं, अध्यक्षांसारखं. सत्तावीस एकीचंही नाही. आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या, शाबासकीची वाट बघत.

मी पुढच्या बाकावरच्या त्या मुलीपाशी गेले. तिच्या पाटीवर अक्षर सुरेख होतं. दोन वजा सहा, उणे चार, बरोबर. पंधरा वजा तीन, बारा. बारा गुणिले उणे चार.

"आत्ता नियम म्हटलास ना? आधी गुणाकार, मग वजाबाकी?"

"हव बाई."

"मग आधी वजाबाकी काहून केली?"

तिनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुणाकार कुठाय बाई? इथं गुणाकाराचं चिन्हच नाही. वजाबाकीचं आहे."

मी फळ्याकडे पाहिलं. खरंच नव्हतं. तीन आणि कंस यांच्यात काहीच नव्हतं. मला तिथे गुणाकार दिसत होता कारण मला तो ठाऊक होता. बाहेर व्हरांड्यात दोन मोठ्या माणसांसाठी मी साडी भिजवून पाणी उपसलं होतं. या चोवीस मुलींसाठी वर्षभरात एक तांब्यासुद्धा उचलला नव्हता. त्यांना मी फक्त नियम ओरडून सांगितला होता. लाज वाटली, इतकी की त्या काचेसमोर पदराआड उभी असतानाही वाटली नव्हती.

"मग त्या गणिताचं वीस कसं आलं होतं तुला?" मी विचारलं.

"वीस नव्हतं आलं बाई. कोणाचंच नव्हतं आलं." तिनं मागे वळून पाहिलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. "आम्ही सगळ्यांनी घरी करून पाह्यलं न. दोघींचे चार, बाकी साऱ्यांचे उणे चाळीसच येऊन राहिले होते. आम्हाले वाटलं, तुमचं चुकलं."

"तरी वीस म्हणालात?"

"पाठ केलं," ती म्हणाली. "तुमची नोकरी जाऊन राहिली होती न, बाई."